मागून चालणारे शब्द : अरबीतले नफ्स, कुल्ल आणि बदल

"आईला स्वतःला हे माहीत नव्हतं." असं वाक्य आपण विचार न करता बोलतो. 'आई'ला 'ला' लागला आणि पाठोपाठ 'स्वतः'लाही लागला. "पोरांना सगळ्यांना खाऊ दे", "माझ्या भावाला, सुनीलला, विचार" या वाक्यांतही तेच घडतं. मात्र "सगळ्या पोरांना" म्हटलं की 'सगळ्या'ला 'ना' लागत नाही. तोच शब्द नामाच्या आधी आला तर एक रीत, नंतर आला तर दुसरी.

अरबी व्याकरणात 'तवाबिअ' नावाचा एक धडा असतो. तवाबिअ म्हणजे मागून चालणारे शब्द, पुढच्याच्या विभक्तीत विभक्ती मिळवणारे. त्यातले दोन प्रकार, तौकीद आणि बदल, नवशिक्यांना फार छळतात. खरं तर "आईला स्वतःला" म्हणणाऱ्या माणसाला निम्मा धडा आधीच येतो. अडचण एवढीच की मराठी ही रीत सगळीकडे पाळत नाही. "साहेबांनी स्वतः सही केली" यात 'स्वतः' कोरडाच राहतो. अरबीत अशी सूट नाही. शब्द मागून आला की त्याने विभक्ती घेतलीच पाहिजे.

नावंही ओळखीची निघतात. तौकीद म्हणजे जोर देणं, पक्कं करणं. आपली 'ताकीद' त्याच धातूची. 'बदल' म्हणजे एकाच्या जागी दुसरा. बदली कामगार डोळ्यांसमोर आणा. 'सगळे' अर्थाचा 'कुल्ल' आपल्याकडे कुलमुखत्यारपत्रात बसला आहे आणि 'स्वतः' अर्थाच्या 'नफ्स'चा जोडीदार 'ऐन' आपल्या 'ऐन वेळी'मध्ये.

आता लिहिण्याच्या पद्धतीबद्दल. अरबी शब्दांचे शेवटचे स्वर दिसावेत म्हणून मी ते आडव्या रेघेने तोडून लिहिणार आहे : मुदीर-उ, मुदीर-अ, मुदीर-इ. हमजा आणि ऐन ही दोन्ही अक्षरं स्वरांवरच भागवली आहेत, आणि दोन शब्दांचा संधी न करता ते सुटे ठेवले आहेत. उच्चार शिकायला हे पुरणार नाही, पण इथे आपलं लक्ष शेपटीवर आहे.

आधी तीन विभक्ती

अरबीत नामाच्या विभक्ती तीनच. रफअ ही कर्त्याची आणि वाक्याच्या उद्देश्याची, तिची नेहमीची खूण 'उ'. नस्ब ही कर्माची, शिवाय 'खरोखर' अर्थाच्या 'इन्न' या शब्दानंतर येणाऱ्या नामाची, खूण 'अ'. जर्र ही शब्दयोगी अव्ययानंतरची आणि 'चा-ची-चे'च्या नात्यातल्या दुसऱ्या नामाची, खूण 'इ'. अनिश्चित नामाला याच खुणा 'उन, अन, इन' अशा लागतात.

'नेहमीची खूण' हे शब्द लक्षात ठेवा. या लेखातली निम्मी गुंतागुंत त्या 'नेहमीची'मध्ये आहे.

पायरी पहिली : शब्द आधी आहे की नंतर, ते बघा

वाक्यात नफ्स किंवा कुल्ल दिसला की अर्थाकडे जाण्याआधी त्याची जागा बघायची.

'कुल्ल-उ अत-तुल्लाब-इ' म्हणजे 'सगळे विद्यार्थी'. इथे कुल्ल आधी आहे, म्हणून तोच मालक. वाक्यातलं काम तो करतो, त्या कामाची विभक्ती त्याला मिळते, आणि मागचे विद्यार्थी बिचारे कायम जर्रमध्ये. 'मी सगळे विद्यार्थी पाहिले' म्हणताना 'रऐतु कुल्ल-अ अत-तुल्लाब-इ' होतं. कुल्लचा स्वर बदलला, विद्यार्थ्यांचा नाही.

'अत-तुल्लाब-उ कुल्ल-उ-हुम' याचाही अर्थ तोच, पण घरातली व्यवस्था उलटी झाली. आता विद्यार्थी मालक आणि कुल्ल मागून चालणारा. 'रऐतु अत-तुल्लाब-अ कुल्ल-अ-हुम'. दोघांचे स्वर एकदम बदलतात. कुल्लच्या मागे 'हुम' म्हणजे 'त्यांचा' हे सर्वनाम चिकटलं आहे. तेच त्याला मालकाशी बांधून ठेवतं. शब्दशः 'विद्यार्थी, त्यांचे सगळे'.

नफ्सचंही असंच, फक्त जागा बदलली की अर्थही थोडा सरकतो. 'अल-मुदीर-उ नफ्स-उ-हु' म्हणजे 'खुद्द व्यवस्थापक'. 'नफ्स-उ अल-मुदीर-इ' म्हणजे आजच्या अरबीत 'तोच व्यवस्थापक, दुसरा नव्हे'. या दुसऱ्या रचनेत नफ्स मागून चालत नाही, त्यामुळे नक्कल करण्याचा प्रश्नच येत नाही. पुढच्या सगळ्या पायऱ्या फक्त 'नंतर' आलेल्या, सर्वनाम चिकटलेल्या नफ्स-कुल्लसाठी आहेत.

पायरी दुसरी : तो खरंच मागून चालतोय का?

नफ्सचा मूळ अर्थ जीव, आत्मा, स्वतः. त्यामुळे तो कधी कधी वाक्यात स्वतःचं काम घेऊन येतो. ही दोन वाक्यं बघा :

दरब जैद-उन नफ्स-उ-हु.
दरब जैद-उन नफ्स-अ-हु.

'दरब' म्हणजे मारलं. पहिल्या वाक्यात नफ्सने जैदची रफअ घेतली आहे : जैदने स्वतः मारलं, दुसऱ्या कुणाकरवी नाही. दुसऱ्यात नफ्स नस्बमध्ये आहे, म्हणजे तो कर्म आहे : जैदने स्वतःला मारलं. पहिल्यात मार खाणारा दुसराच कुणी, दुसऱ्यात मारणारा आणि मार खाणारा एकच. फरक एका स्वराचा.

मराठीत हाच फरक 'स्वतः' आणि 'स्वतःला' असा दिसतो. म्हणून नफ्स भेटला की त्याचं मनातल्या मनात मराठी करून बघायचं. 'खुद्द' घालून वाक्य जमत असेल तर तो तौकीद. 'स्वतःला' किंवा 'स्वतःच्या जिवाला' म्हणावं लागत असेल तर तो वाक्याचा स्वतंत्र घटक आहे, त्याला मालकाची विभक्ती देऊ नका.

दुसरी कसोटी त्याहून सोपी. शब्द काढून टाका. तौकीद काढला तर वाक्य थोडं फिकं होतं, पण उभं राहतं.

पायरी तिसरी : विभक्ती द्या, पण योग्य ठिकाणी

आता तिन्ही विभक्तींत एकच वाक्य फिरवू.

जाअ अल-मुदीर-उ नफ्स-उ-हु : खुद्द व्यवस्थापक आले.
रऐतु अल-मुदीर-अ नफ्स-अ-हु : मी खुद्द व्यवस्थापकांना पाहिलं.
सल्लम्तु अला अल-मुदीर-इ नफ्स-इ-हि : मी खुद्द व्यवस्थापकांना सलाम केला.

नवशिक्याची नजर शब्दाच्या अगदी टोकाला जाते, आणि टोकाला असतो 'हु'. त्याचा 'उ' बघून तो दुसरं वाक्यही रफअचं समजतो. हा 'हु' म्हणजे 'त्याचा'. तो सर्वनाम आहे, त्याला विभक्तीची खूण लागत नाही. विभक्ती असते त्याच्या अलीकडे, नफ्स आणि हु यांच्या मधल्या स्वरात. घराचा क्रमांक फाटकावर नाही, आतल्या दारावर आहे असं समजा.

तिसऱ्या वाक्यात 'हु'चा 'हि' झाला, तो मात्र विभक्तीमुळे नाही. आधी 'इ' आला की जिभेच्या सोयीसाठी हुचा हि होतो, एवढंच. 'हुम'चाही असाच 'हिम' होतो : 'मअ अत-तुल्लाब-इ कुल्ल-इ-हिम', म्हणजे सगळ्या विद्यार्थ्यांबरोबर. 'हा' हे स्त्रीलिंगी सर्वनाम मात्र कधीच बदलत नाही, म्हणून सरावाला सुरुवात 'अल-मुदीरत-उ नफ्स-उ-हा' अशा वाक्यांनी करावी. मधला स्वर एकटाच हलताना दिसतो.

सर्वनाम मालकाच्या लिंग-वचनाप्रमाणे बदलतं. त्यात दोन गोष्टी चुकतात. एक, मालक दोन किंवा अनेक असतील तर नफ्सचं अनेकवचन 'अन्फुस' वापरायचं : 'अल-मुदीरान-इ अन्फुस-उ-हुमा' म्हणजे खुद्द दोघे व्यवस्थापक. (हे 'आनि' द्विवचनाचं रफअ. शेवटच्या 'इ'ला जर्र समजू नका. इथे रफअची खूण 'आ' आहे.) दुसरं, निर्जीव वस्तूंचं अनेकवचन अरबीत स्त्रीलिंगी एकवचनासारखं वागतं. म्हणून पुस्तकं सगळी म्हणजे 'अल-कुतुब-उ कुल्ल-उ-हा', 'हुम' नाही. कुराणात (2:31) आदमला सगळी नावं शिकवल्याचा उल्लेख आहे, तिथेही 'अल-अस्माअ-अ कुल्ल-अ-हा' असंच येतं. नावं हे कर्म, म्हणून नस्ब, आणि कुल्ललाही नस्ब.

नक्कल विभक्तीची करायची, स्वराची नाही

इथे थोडं थांबू. बहुतेक पुस्तकं हे एका ओळीत सांगून पुढे जातात आणि विद्यार्थी वर्षभर चुकत राहतात.

वरच्या सगळ्या उदाहरणांत मालकाचा स्वर आणि मागच्याचा स्वर सारखा होता. 'उ'मागे 'उ', 'अ'मागे 'अ'. त्यामुळे कानाला सवय लागते की मागच्या शब्दाने यमक जुळवायचं. मलाही ती लागली होती. वहीत मी लिहिलं होतं 'अन अल-खलीफत-इ उमर-इ', म्हणजे खलिफा उमर यांच्याबद्दल. शिकवणाऱ्यांनी शेवटच्या 'इ'भोवती लाल गोल केला आणि वर 'अ' लिहिला. मला वाटलं, त्यांचीच चूक झाली. 'खलीफत-इ'मध्ये जर्र, मग उमरला 'अ' कसा?

विभक्ती दोघांची एकच आहे, जर्र. पण अरबीत काही नामं अशी आहेत की जर्रमध्येही त्यांच्यावर 'इ' चढत नाही, 'अ'च येतो. उमर, अहमद, इब्राहीम, फातिमा, मरियम ही त्यातली. म्हणून खलीफत-इ, उमर-अ. पद एकच, गणवेश वेगळा.

हीच गोष्ट उलट बाजूनेही होते. 'अल-मुअल्लिमात' म्हणजे शिक्षिका. या धाटणीच्या स्त्रीलिंगी अनेकवचनाला नस्बमध्ये 'अ' लागत नाही, 'इ' लागतो. 'मी सगळ्या शिक्षिकांना पाहिलं' हे असं होईल :

रऐतु अल-मुअल्लिमात-इ कुल्ल-अ-हुन्न.

इथे मालकावर 'इ' दिसतो, तरी कुल्लवर 'अ' हवा. शिक्षिका कर्म आहेत, म्हणून विभक्ती नस्ब. ती दाखवण्याची त्यांची खूण 'इ'. कुल्ल हा साधा शब्द, त्याची नस्बची खूण 'अ'. यमक जुळवायला गेलात तर 'कुल्ल-इ-हिन्न' लिहाल आणि चुकाल.

आणि तिसरा प्रकार, जिथे मालकावर काहीच दिसत नाही. 'हाजा' म्हणजे 'हा'. त्याचं रूप तिन्ही विभक्तींत तसंच राहतं. 'हाजा अल-किताब-उ' म्हणजे हे पुस्तक. यातला 'अल-किताब' हाजाचा बदल मानतात. 'करअतु हाजा अल-किताब-अ' म्हणजे मी हे पुस्तक वाचलं. 'फी हाजा अल-किताब-इ' म्हणजे या पुस्तकात. हाजा ढिम्म हलत नाही आणि किताब मात्र दर वेळी वेगळा स्वर घेतो. हाजावर स्वर नसला तरी वाक्यातली जागा त्याला आहे, आणि मागचा शब्द त्या जागेची विभक्ती घेतो.

म्हणून क्रम असा ठेवायचा : मालकाचं वाक्यातलं काम कोणतं, त्यावरून विभक्ती कोणती, आणि ती विभक्ती मागच्या शब्दाच्या अंगावर कोणत्या खुणेने दिसते. मालकाचा स्वर बघायची गरजच पडत नाही.

अजमऊन आणि किला

या कुटुंबातली आणखी दोन माणसं भेटून घ्या, कारण छापील मजकुरात तीच सगळ्यात उपयोगी पडतात.

'अजमऊन' म्हणजे 'झाडून सगळे'. त्याला सर्वनाम लागत नाही आणि तो बहुधा कुल्लच्याही मागून येतो. कुराणात (15:30) 'फसजद अल-मलाइकत-उ कुल्ल-उ-हुम अजमऊन' असं आहे : मग देवदूतांनी सगळ्यांनी, झाडून सगळ्यांनी, सजदा केला. देवदूत कर्ता, म्हणून रफअ, आणि त्यांच्या मागून कुल्ल आणि अजमऊन दोघेही रफअमध्ये. नस्ब किंवा जर्र असेल तर 'अजमऊन'चा 'अजमईन' होतो.

'किला' म्हणजे 'दोन्ही', स्त्रीलिंगी 'किल्ता'. मागून येताना तो द्विवचनासारखा चालतो : 'जाअ अर-रजुलान-इ किला-हुमा', पण 'रऐतु अर-रजुलैन-इ किलै-हिमा'. आ आणि ऐ हाच काय तो फरक. तोच किला आधी आला, 'किला अर-रजुलैन-इ', तर तिन्ही विभक्तींत 'किला'च राहतो. पुन्हा आधी-नंतरचा तोच खेळ.

ही दोन रूपं उपयोगी का, तर अरबी वर्तमानपत्रांत आणि पुस्तकांत ऱ्हस्व स्वर छापत नाहीत. नफ्स-उ-हु, नफ्स-अ-हु आणि नफ्स-इ-हि छापील पानावर हुबेहूब सारखे दिसतात. वाचणाऱ्याने स्वर मनाने भरायचे. अजमऊन-अजमईन आणि किला-किलै यांच्यात मात्र फरक अक्षरातच आहे, त्यामुळे तुमचा अंदाज बरोबर होता की नाही हे लगेच कळतं.

चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला मोरोक्कोतल्या फेज शहरात राहणाऱ्या इब्न आजुर्रूम यांचं छोटं व्याकरण आजही मदरशांत पाठ करून घेतात. तौकीदसाठी त्यांनी तीनच उदाहरणं दिली आहेत : जैद स्वतः उभा राहिला (नफ्स, रफअ), मी लोकांना सगळ्यांना पाहिलं (कुल्ल, नस्ब), मी झाडून सगळ्या लोकांजवळून गेलो (अजमईन, जर्र). तीन शब्द, तीन विभक्ती, एकाही शब्दाची उधळपट्टी नाही. ही तीन वाक्यं पाठ करून उरलेल्या सहा जोड्या स्वतः बनवल्या तर नऊचा तक्ता तयार होतो. मला याहून चांगला सराव माहीत नाही.

बदल : बदलीवर आलेला शब्द

तौकीद मालकाच्या नावावर जोर देतो. बदलाची गोष्ट वेगळी. तिथे मागून येणारा शब्दच खरा उमेदवार असतो, आणि आधीचा शब्द त्याच्यासाठी जागा धरून ठेवतो. म्हणून कसोटीही उलटी : आधीचा शब्द काढा आणि मागचा त्या जागी बसवा. वाक्य चाललं तर तो बदल. बदलीवर आलेला माणूस त्याच खुर्चीत बसतो, म्हणून विभक्तीही त्याच खुर्चीची.

कुराणाच्या पहिल्या अध्यायात, अल-फातिहामध्ये, याचं उदाहरण आहे : 'इह्दिना अस-सिरात-अ अल-मुस्तकीम-अ, सिरात-अ अल्लजीन अन्अम्त अलैहिम'. आम्हाला सरळ मार्ग दाखव, ज्यांच्यावर तू कृपा केलीस त्यांचा मार्ग. पहिला 'सिरात' दाखव या क्रियापदाचं कर्म, म्हणून नस्ब. दुसरा त्याचा बदल, म्हणून त्यालाही नस्ब. पहिला मार्ग काढून 'आम्हाला ज्यांच्यावर तू कृपा केलीस त्यांचा मार्ग दाखव' म्हटलं तरी वाक्य पूर्ण होतं.

विशेषण मालकाची निश्चितता-अनिश्चितताही उचलतं, बदलावर ते बंधन नाही. कुराणातच (96:15-16) 'अन-नासियत-इ' या निश्चित नामाचा बदल म्हणून 'नासियत-इन' हे अनिश्चित नाम येतं. विभक्ती मात्र दोन्हीकडे जर्र. तेवढी सुटत नाही.

बदल नेहमी पूर्णाच्या जागी पूर्ण असतो असंही नाही. कधी तो मालकाचा एक भाग असतो, कधी मालकाशी जोडलेली एखादी गोष्ट. इब्न आजुर्रूम यांचंच उदाहरण घ्या : 'अकल्तु अर-रगीफ-अ सुलुस-अ-हु'. मी रोटी खाल्ली, तिचा तिसरा हिस्सा. रोटी नस्बमध्ये, हिस्साही नस्बमध्ये, आणि हिस्सा कुणाचा हे सांगायला 'हु'. दुसरं, 'नफअनी जैद-उन इल्म-उ-हु' : जैद मला उपयोगी पडला, म्हणजे त्याची विद्या. विद्या जैदचा अवयव नाही, पण त्याच्यापाशी आहे. या दोन प्रकारांत सर्वनाम लागतं, पूर्णाच्या जागी पूर्ण असेल तेव्हा लागत नाही. मराठी बोलताना आपणही असंच करतो : "मला तो माणूस आवडला, त्याचं बोलणं." फक्त आपण मधे थांबतो आणि अरब थांबत नाही.

एक वाक्य सुरुवातीपासून

'खुद्द व्यवस्थापकांनी आपल्या भावाला, अहमदला, सगळी पुस्तकं दिली.' हे अरबीत नेऊ. 'अअता' म्हणजे दिलं. हे क्रियापद दोन कर्मं घेतं : ज्याला दिलं तो आणि जे दिलं ते, दोन्ही नस्बमध्ये.

व्यवस्थापक कर्ता : अल-मुदीर-उ. खुद्द हा त्यांचा तौकीद, म्हणून रफअ : नफ्स-उ-हु. भाऊ पहिलं कर्म. 'भाऊ' हा शब्द सर्वनाम चिकटलं की दीर्घ स्वराने चालतो, रफअमध्ये अखू, नस्बमध्ये अखा, जर्रमध्ये अखी. म्हणून अखा-हु. अहमद त्याचा बदल, नस्ब : अहमद-अ. पुस्तकं दुसरं कर्म : अल-कुतुब-अ. सगळी हा त्यांचा तौकीद, नस्ब आणि निर्जीव अनेकवचन : कुल्ल-अ-हा.

अअता अल-मुदीर-उ नफ्स-उ-हु अखा-हु अहमद-अ अल-कुतुब-अ कुल्ल-अ-हा.

आता याच माणसांना दुसऱ्या वाक्यात घाला : खुद्द व्यवस्थापकांनी भावाला, अहमदला, सलाम केला. 'सल्लम अला' मधलं 'अला' जर्र मागतं.

सल्लम अल-मुदीर-उ नफ्स-उ-हु अला अखी-हि अहमद-अ.

भाऊ 'अखा'वरून 'अखी'वर आला, अहमद मात्र जसाच्या तसा 'अहमद-अ'. वरच्या वाक्यातला 'अ' नस्बचा होता, हा जर्रचा. नुसता स्वर बघणाऱ्याला दोन्ही सारखेच वाटतील. काम बघणारा चुकणार नाही.

एका स्वराचे दोन हिशेब

कधी कधी नक्कल करायची की नाही, यावर जाणकारांचीही दोन मतं असतात आणि दोन्ही बरोबर असतात. कुराणाच्या 3:154 मध्ये एक वाक्य आहे : 'इन्न अल-अम्र-अ कुल्ल-अ-हु लिल्लाह'. सगळा कारभार अल्लाहचा. 'इन्न'मुळे अम्र नस्बमध्ये, कुल्ल त्याचा तौकीद, म्हणून तोही नस्बमध्ये. आपल्याकडे प्रचलित असलेल्या, हफ्स या जुन्या पाठकांच्या पठण-परंपरेत असंच आहे.

आठव्या शतकातले बसऱ्याचे पाठक अबू अम्र मात्र इथे 'कुल्ल-उ-हु' वाचतात. त्यांच्या वाचनात कुल्ल मागून चालतच नाही. 'इन्न अल-अम्र-अ' इथे थोडं थांबून 'कुल्ल-उ-हु लिल्लाह', म्हणजे 'त्यातला सगळा अल्लाहचा', असं छोटं वाक्य सुरू होतं. त्या छोट्या वाक्याचं उद्देश्य कुल्ल, म्हणून त्याला स्वतःची रफअ. अर्थ जवळजवळ तोच, रचना निराळी. म्हणून कुठे नामाच्या मागे असूनही कुल्ल त्याची विभक्ती घेत नाही असं दिसलं, तर चूक झाली म्हणण्याआधी तो नव्या वाक्याचं उद्देश्य तर नाही ना, हे तपासा.

अशीच आणखी एक जागा 'बि-नफ्स-इ-हि'ची. 'जाअ अल-मुदीर-उ बि-नफ्स-इ-हि', व्यवस्थापक जातीने आले. इथे मधे 'बि' हे अव्यय घुसलं आहे, त्यामुळे वरवर जर्र दिसते. व्यवस्थापकांच्या 'उ'शी ती जुळत नाही म्हणून घाबरू नका.

सर्वनामावर जोर द्यायचा असेल तर

शेवटचा एक नियम. 'मी स्वतः गेलो' म्हणताना कर्ता क्रियापदातच असतो : 'जहब्तु', मी गेलो. त्याला थेट नफ्स जोडून 'जहब्तु नफ्सी' म्हणत नाहीत. मधे सुटं सर्वनाम घालावं लागतं : 'जहब्तु अना नफ्सी'. (इथे 'माझा'च्या 'ई'ने विभक्तीचा स्वर गिळून टाकला आहे, विभक्ती रफअच, दिसत नाही इतकंच.) कर्म असलेल्या सर्वनामाला ही अट नाही : 'रऐतु-हु नफ्स-अ-हु' चालतं. कुल्ललाही नाही : 'जाऊ कुल्ल-उ-हुम', ते सगळे आले, हे बरोबर.

ही अट फक्त नफ्स आणि ऐनलाच का, याचं उत्तर जुने वैयाकरण एका वाक्याने देत. 'हिंद-उन जहबत नफ्स-उ-हा.' हिंद नावाची बाई स्वतः गेली, असं तुम्हाला म्हणायचं आहे. पण नफ्स म्हणजे जीवही. मधे 'हिय' म्हणजे 'ती' घातलं नाही, तर ऐकणाऱ्याला वाटेल, हिंदचा जीव गेला.